बीपीच्या मशीनवरचा तिसरा आकडा: आडवं असताना आणि उभं राहिल्यावर

घरच्या बीपी मशीनवर तीन आकडे दिसतात. वर SYS म्हणजे वरचा दाब, मध्ये DIA म्हणजे खालचा दाब आणि सगळ्यात खाली PULSE म्हणजे नाडी. वहीत बहुतेक घरांत पहिले दोनच उतरवलेले असतात. मेडिसिन वॉर्डात मी २२ वर्षं नर्सिंग केलं, आणि आता गल्लीतले लोक वह्या घेऊन माझ्याकडे येतात. पल्सचा रकाना असलेली वही क्वचितच दिसते. विचारलं तर म्हणतात, "ती तर नॉर्मलच असते."

खरं सांगायचं तर खुर्चीत बसून घेतलेल्या एका रीडिंगमध्ये तो तिसरा आकडा फारसं बोलतही नाही. १३४/८२, पल्स ७८. यावरून काय समजणार? पण तोच माणूस आडवा असताना एकदा मोजा आणि उभा राहिल्यावर दोनदा मोजा, की दाब आणि नाडी मिळून बरंच काही सांगायला लागतात. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे की मेंदूचे निरोप नेणाऱ्या नसांचं काम मंदावल्यामुळे, याचा अंदाज घरबसल्या येऊ शकतो. ही तपासणी कशी करायची आणि तिचे आकडे कसे वाचायचे, तेवढंच इथे सांगते.

उठताना तोल जातो किंवा घेरी येते अशांनी ती करावी. तक्रार नसली तरी पासष्टीच्या पुढचे बीपीच्या गोळ्या घेणारे, दहा-पंधरा वर्षं मधुमेह असलेले, पार्किन्सनचे रुग्ण आणि प्रोस्टेटसाठी गोळी चालू असलेले पुरुष यांनी एकदा तरी करून बघावी. यातल्या बऱ्याच जणांचा दाब उभं राहिल्यावर पडतो आणि त्यांना तो जाणवतही नाही. एक दिवस बाथरूमकडे जाताना पडतात तेव्हाच कळतं.

मशीन नेमकं काय मोजतं

डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकतात. घरचं मशीन काहीच ऐकत नाही. दंडावरचा पट्टा फुगतो, मग हवा हळूहळू सुटते, आणि त्या वेळी रोहिणीच्या प्रत्येक ठोक्याने पट्ट्यातली हवा किंचित थरथरते. मशीन ती थरथर टिपतं. थरथर सगळ्यात मोठी असते तिथे सरासरी दाब असतो, आणि त्या आसपासच्या थरथरींवरून वरचा आणि खालचा आकडा हिशेबाने काढला जातो. दोन थरथरींमधल्या वेळावरून पल्स निघते.

म्हणजे तिन्ही आकडे त्याच पंधरा-वीस-तीस ठोक्यांतून येतात. ठोके एका लयीत असतील तर तिन्ही विश्वासाचे. लय बिघडलेली असेल तर तिन्ही डगमगतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उभं राहिल्यावर शरीरात काय होतं

आडवा माणूस उठून उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि दाब घसरू लागतो. मानेतल्या मोठ्या रोहिणीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत दाबावर नजर ठेवणारी टोकं असतात. ती लगेच मेंदूला कळवतात. मेंदू नसांमार्फत दोन हुकूम सोडतो: रक्तवाहिन्या आवळा आणि हृदय जोरात चालवा. निरोगी माणसात हे काही सेकंदांत आटपतं. वरचा आकडा जागच्या जागी राहतो किंवा थोडा उतरतो, खालचा बहुधा थोडा चढतो, आणि पल्स दहा-पंधराने वाढते.

दाब पडणं ही तक्रार समजा आणि पल्स वाढणं हे तिला मिळालेलं उत्तर. पुढची सगळी तपासणी दोनच गोष्टी बघते: तक्रार आली का, आणि उत्तर मिळालं का.

मोजण्याआधी

वेळ सकाळची ठेवा. उठल्यावर लघवीला जाऊन या, पण चहा, नाश्ता आणि गोळ्या घेण्याआधी मोजा. उभं राहिल्यावर दाब पडण्याचा त्रास सकाळी सगळ्यात जास्त दिसतो. त्रास जेवणानंतरच होत असेल तर आणखी एका दिवशी जेवणानंतर तासाभराने मोजा, कारण वयस्क माणसांत जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळून दाब घसरू शकतो.

सोबत एक माणूस हवाच. एकट्याने ही तपासणी करू नका. पलंगाशेजारी पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवा, प्लॅस्टिकची हलणारी नको. मोजताना डोळ्यांपुढे काळोख आला, दरदरून घाम फुटला किंवा कानात गूं-गूं व्हायला लागलं तर आकडा बघत बसू नका. लगेच बसवा, शक्य असेल तर आडवं करा. रीडिंग अर्धवट राहिलं तरी हरकत नाही. "१ मिनिट उभी राहिली, बसवावं लागलं" हीसुद्धा वहीत लिहिण्यासारखी नोंद आहे.

मशीन दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको. बॅटरीवर चालवा, म्हणजे वायर आड येणार नाही. पट्ट्याचं माप बघा. मशीनसोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर हाच पट्टा दाब खोटाच जास्त दाखवतो आणि मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो. काही मशीनमध्ये सलग तीनदा मोजून सरासरी दाखवायची सोय असते. एरवी ती चांगली, इथे ती बंद करा. आपल्याला पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाचा वेगवेगळा आकडा हवा आहे, दोघांचं मिश्रण नको.

मोजण्याचा क्रम

पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवरून नको. माणसाला पलंगावर उताणं झोपवा, डोक्याखाली एक उशी चालेल. पाच मिनिटं शांत पडू द्या. टीव्ही बंद, बोलणं बंद. ही पाच मिनिटं फार लांब वाटतात आणि लोक दोनवरच आटोपतात. पण रक्त सगळीकडे सारखं पसरायला तेवढा वेळ लागतो आणि कमी वेळ दिला तर पुढची घट लहान दिसते. पाच मिनिटांनी मोजा. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा आणि दुसरं रीडिंग लिहा, कारण पट्टा पहिल्यांदा आवळला की बऱ्याच जणांचा दाब थोडा चढतो.

आता उठवा. पट्टा काढू नका. आधी पलंगाच्या कडेवर पाय सोडून दोन-चार सेकंद, मग सरळ उभं. उभं राहिल्या क्षणी मोबाइलचं टायमर लावा. एक मिनिट झालं की मशीनचं बटण दाबा. आकडा येईपर्यंत अर्ध्या-पाऊण मिनिटाचा वेळ जातो. तीन मिनिटं झाली की पुन्हा बटण. या वेळात चालायचं नाही, पाय हलवत राहायचं नाही आणि गप्पाही नाहीत.

सगळ्यात जास्त चूक होते ती हाताच्या बाबतीत. झोपलेला असताना हात हृदयाच्या पातळीलाच असतो. उभा राहिला की माणूस हात खाली सोडतो, पट्टा हृदयाच्या खाली जातो आणि रक्ताच्या स्तंभाचं वजन आकड्यात मिसळतं. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे मोजून दाखवलं: टेबलावर टेकवलेल्या हातापेक्षा खाली लोंबत्या हातावर वरचा आकडा सरासरी ६.५ ने जास्त आला. बसून मोजताना ही चूक म्हणजे दाब फुगलेला दिसतो. आपल्या तपासणीत ती त्याहून वाईट, कारण पडलेला दाब ती झाकून टाकते. म्हणून उभं असताना सोबतच्या माणसाने रुग्णाचा हात कोपराखालून धरून पुढे उचलावा, पट्ट्याचा मध्य छातीच्या मध्याशी येईल एवढा. रुग्णाने स्वतः हात उचलून धरू नये. स्नायू ताणले की दाब वाढतो.

एक पान, दोन माणसं

दोन शेजाऱ्यांच्या वह्यांतले आकडे देते. दोघांची तक्रार एकच होती: सकाळी उठल्यावर घेरी येते.

पहिले नाना, वय ६८. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी. क्लोरथॅलिडोन म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध. मे महिना, त्यात आदल्या दोन दिवसांत जुलाब.

आडवे: १३२/७८, पल्स ७४
उभे, १ मिनिट: ११०/७०, पल्स ९८
उभे, ३ मिनिटं: १०६/७०, पल्स १०२

दुसऱ्या काकू, वय ६६. मधुमेह २० वर्षं, मेटफॉर्मिन चालू. बीपीसाठी अॅम्लोडिपीन. नाडी मंदावणारं कोणतंही औषध नाही.

आडव्या: १५६/८४, पल्स ८८
उभ्या, १ मिनिट: १२८/७४, पल्स ९१
उभ्या, ३ मिनिटं: ११८/७०, पल्स ९२

आधी फक्त दाब बघा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला, तर ती घट दखल घेण्याजोगी मानतात. नानांचा वरचा २६ ने पडला, काकूंचा ३८ ने. तक्रार दोघांकडून आली आहे. इथवर दोघांचं दुखणं एकच वाटतं.

आता पल्स बघा. नानांची ७४ वरून १०२ झाली, म्हणजे २८ ने वाढली. दाब पडल्याबरोबर हृदयाने जीव तोडून पळायला सुरुवात केली. तक्रार पोचली, उत्तर मिळालं, पण वाहिन्यांत भरायला माल कमी आहे, म्हणून दाब तरीही सावरला नाही. पाणी कमी, मीठ कमी, किंवा रक्त कमी, असाच याचा अर्थ. जुलाब, उन्हाळा आणि पाणी काढणारी गोळी हे तिन्ही एकाच वेळी आले होते.

काकूंची पल्स ८८ वरून ९२ झाली. दाब ३८ ने कोसळला आणि हृदयाने दखलच घेतली नाही. मशीनच्या पल्समध्ये चार-पाच ठोक्यांचा फरक असाही पडतो, तेव्हा ही चारची वाढ म्हणजे जवळपास शून्यच. तक्रार गेली पण उत्तर आलं नाही. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात हे सगळ्यांना माहीत असतं. हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या नसाही तशाच खराब होतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. काकूंच्या पानावर आणखी एक खूण आहे: आडव्या असतानाच पल्स ८८. हृदयाला आवर घालणारी नस आधी ढिली पडते, म्हणून नाडी विश्रांतीतही जरा भरभर आणि दिवसभर जवळपास त्याच आकड्यावर अडकलेली.

फरक नजरेने ठरवायचा नसेल तर एक भागाकार करा. तीन मिनिटांच्या रीडिंगवरून पल्स किती वाढली त्याला वरचा दाब किती पडला त्याने भागा. नानांचं २८ भागिले २६, म्हणजे १ च्या थोडं वर. काकूंचं ४ भागिले ३८, म्हणजे ०.१. हे उत्तर ०.५ पेक्षा कमी आलं तर दोष नसांमध्ये असण्याची शक्यता बळावते. हा भागाकार दाब खरोखर २० किंवा त्याहून जास्त पडलेला असेल तेव्हाच करायचा. दाब चारने पडला आणि पल्स दोनने वाढली, तर तिथे भागाकाराला काही अर्थ नाही. शिवाय ०.५ ही सीमा टिल्ट टेबलवर, म्हणजे आडव्या माणसाला उभं करणाऱ्या कलत्या टेबलवर, सतत नोंद घेणाऱ्या यंत्रांवर ठरवलेली आहे. घरी ०.४५ आणि ०.५५ मध्ये भांडण करू नका. ०.१ आणि १ मधला फरक मात्र घरचं मशीनही चुकवत नाही.

दोघांचं पुढे काय झालं

नानांच्या डॉक्टरांनी पाण्याच्या गोळीला थोडे दिवस सुट्टी दिली, ओआरएस सांगितलं आणि क्रिएटिनीन, सोडियम, पोटॅशियम तपासलं. आठवड्याने नाना उभे राहिल्यावर वरचा आकडा आठने पडला आणि पल्स बाराने वाढली.

काकूंची गोष्ट जरा गुंतागुंतीची. क्लिनिकमध्ये त्या नेहमी बसलेल्या असताना मोजत आणि दाब १५०च्या घरात येई. त्यामुळे तिथे बोलणं चाललं होतं ते दुसरी गोळी वाढवण्याचं. गोळी वाढली असती तर बसल्यावरचा आकडा सुंदर दिसला असता आणि उभं राहिल्यावर काकू जमिनीवर आल्या असत्या. आडवं असताना दाब जास्त आणि उभं राहिल्यावर फार कमी, ही जोडी नसांच्या दोषात नेहमीची आहे. ती सांभाळणं कठीण, कारण एक बाजू दाबली की दुसरी वर येते.

वहीचं पान पाहून डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही, वेळ बदलली. बी-१२ तपासायला सांगितलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ घटू शकतं आणि काकू शाकाहारी. बी-१२ च्या कमतरतेने होणारं नसांचं नुकसान मधुमेहाच्या नुकसानीसारखंच दिसतं, फरक हा की ते वेळेत भरून काढता येतं. पलंगाचं डोक्याकडचं टोक विटा लावून वीतभर उंच केलं, नुसत्या उशा वाढवून उपयोग नसतो. आणि सकाळी उठण्याआधी पलंगावर बसूनच दोन पेले, साधारण अर्धा लिटर, पाणी भराभर प्यायला सांगितलं. नसांच्या दोषात या पाण्याने दाब थोडा वेळ चांगला चढतो. पण हृदय कमकुवत असलेल्यांनी किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

कुठलीही गोळी स्वतः बंद करू नका. विशेषतः मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडीन एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

उत्तर दडवणाऱ्या गोष्टी

काकूंच्या बाबतीत मी मुद्दाम लिहिलं की नाडी मंदावणारं औषध नाही. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, म्हणजे नावाच्या शेवटी "ओलॉल" असलेली औषधं नाडीला लगाम घालतात. ती चालू असताना पल्स वाढली नाही तर नसांना दोष देता येत नाही. डिल्टियाझेमचंही तेच, आणि पेसमेकर असेल तरी हा भागाकार विसरा. बऱ्याच गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात आणि पुढच्या मोठ्या अक्षरांतल्या ब्रँडच्या नावावरून ते कळत नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. एका आजींच्या न वाढणाऱ्या पल्सवर आम्ही आठवडाभर डोकं खाजवलं, नंतर कळलं की टेल्मिसार्टनच्या गोळीतच मेटोप्रोलॉल होतं.

याच औषधांमुळे उलटा धोकाही उभा राहतो. नानांसारखे जुलाब मेटोप्रोलॉल घेणाऱ्याला झाले तर पल्स ७० वरच दिसेल आणि घरचे निश्चिंत राहतील. औषध नसतानाही, थोडं रक्त गेलेल्या माणसाची पल्स दर वेळी वाढतेच असं नाही. वाढलेली पल्स काहीतरी सांगते, न वाढलेली पल्स सगळं ठीक असल्याचा दाखला देत नाही. काळी डांबरासारखी शी होत असेल, पोटातून रक्त जात असल्याची शंका असेल, तर ही तपासणी करत बसू नका. दवाखान्यात जा.

दुसरा अडथळा लयीचा. पट्ट्याखालची नाडी अनियमित असली की बऱ्याच मशीनवर हृदयाचं किंवा तुटक ठोक्याचं चिन्ह लुकलुकतं. एकदा आलं तर हात हलला असेल, पुन्हा मोजा. दर वेळी येत असेल तर एट्रिअल फिब्रिलेशन हा हृदयाची लय बिघडवणारा विकार असू शकतो आणि ईसीजी काढावाच लागतो. तेव्हा एकेका रीडिंगवर आडवं-उभं यांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. कधीकधी तर मशीन अर्धीच पल्स दाखवतं: प्रत्येक नियमित ठोक्यामागे एक अवेळी, दुबळा ठोका येतो, तो पट्ट्याला जाणवत नाही आणि ७६ चे ३८ होतात. म्हणून PULSE मध्ये अचानक ४०च्या खाली काही दिसलं तर मनगटाची नाडी बोटांनी पूर्ण ६० सेकंद मोजा. बोटांना तो दुबळा ठोका लागतो किंवा ठोका चुकल्यासारखा तरी जाणवतो. बोटांनाही ४०च मिळाले आणि माणसाला चक्कर, धाप किंवा गळाठा असेल, तर ती तातडीची गोष्ट आहे.

तिसरा अडथळा मशीनच्या संथपणाचा. काही लोकांचा, त्यातही तरुणांचा, दाब उठल्यावर पहिल्या पंधरा सेकंदांत जोरात पडतो आणि अर्ध्या मिनिटात सावरतो. मशीन पट्टा फुगवेपर्यंत सगळं संपलेलं असतं. एका मिनिटाचं आणि तीन मिनिटांचं रीडिंग उत्तम, तरी उठल्याबरोबर घेरी. अशा वेळी घेरी खरी असते. घरच्या मशीनला ती पकडताच येत नाही.

उरलेल्या जोड्या

दाब जागेवर आणि पल्स मात्र ३० किंवा जास्त वाढली, असं तरुण मुलींत बऱ्याचदा दिसतं. आधी हिमोग्लोबिन बघा. आपल्याकडे ते कमी असण्याची शक्यता कधीही मोठीच. मग ताप, थायरॉइड, कमी पाणी पिणं, नुकतंच दुखण्यातून उठलेलं असणं. हे काही नसेल आणि उभं राहिल्यावर धडधड, डोकं हलकं होणं असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर पॉट्स नावाच्या विकाराचा विचार डॉक्टर करतात. त्यासाठी दहा मिनिटं उभं ठेवून मोजतात, आणि बारा ते एकोणीस वयात ३० ऐवजी ४० ची वाढ धरतात.

दाब आणि पल्स दोन्ही एकदम खाली यायला लागले, तर माणूस बेशुद्ध पडायच्या बेतात आहे. लहान मुलांना रक्त काढताना जी मूर्च्छा येते तिची हीच चाल. मोजणं सोडा, आडवं करा, पाय उंच करा.

आणि एक जोडी आडवं असतानाच कळते: पल्सचा आकडा वरच्या दाबाच्या आकड्याला गाठतो किंवा त्याच्या पुढे जातो. एरवी पल्स दाबाच्या अर्ध्या ते पाऊण पट असते. ९६/६० आणि पल्स ११८, आणि माणसाला जुलाब, उलट्या, ताप किंवा रक्तस्राव झालेला असेल, तर उभं करून बघायची गरज नाही, उभं करूच नका. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस असा पल्सचा चढ दिसतो आणि वरचा-खालचा आकडा एकमेकांच्या जवळ येतात. दोघांत २० किंवा कमीच अंतर उरलं, जसं १००/८२, तर वरचा आकडा शंभर बघून खुश होऊ नका. गाडी काढा.

वहीत काय लिहायचं

तीन वेगवेगळ्या सकाळी मोजा. एका दिवसावर काही ठरवू नका. घट एक दिवस २४, दुसऱ्या दिवशी १४ अशी येते, तेही स्वाभाविक आहे. प्रत्येक ओळीत सहा गोष्टी पुरतात: वेळ, आडवं की उभं, कितवं मिनिट, दाब, पल्स, आणि त्या क्षणी काय जाणवलं. शेवटचा रकाना लोक गाळतात, पण "पाय लटपटले", "मान-खांदे भरून आले" असं लिहिलेलं डॉक्टरांना उपयोगी पडतं. उभं असताना मान आणि खांद्यात कळ येणं आणि आडवं झाल्यावर ती जाणं, हे पडलेल्या दाबाचंच लक्षण असू शकतं. काकू त्यासाठी दोन वर्षं बाम चोळत होत्या. पानाच्या वर सगळ्या औषधांची नावं लिहा, पाकिटाच्या मागून उतरवलेली, प्रोस्टेटच्या, झोपेच्या आणि नैराश्याच्या गोळ्यांसकट. दाब पाडणाऱ्यांत त्यांचाही नंबर लागतो आणि बीपीच्या यादीत त्या कुणी सांगत नाही.

औषध किंवा त्याची वेळ बदलली की एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तीन सकाळी. काकूंचं ताजं पान असं आहे: आडव्या १५०/८२, पल्स ८६. तीन मिनिटं उभ्या १२६/७२, पल्स ८९. घट अजून २४ आहे आणि पल्स अजून हललेली नाही. नसा तशाच आहेत. घेरी मात्र आठवड्यात एखाद्या वेळेलाच येते, आणि बाथरूमच्या दाराशी आता धरायला दांडी बसवली आहे.